मीटिंगमध्ये नेमके काय ठरले?

इंदापूरहून एका भगिनीने आम्हाला लिहिले आहे. त्यांचा फ्लॅट बारामतीत आहे, नवरा आखातात नोकरीला आहे आणि त्या स्वतः सासू-सासऱ्यांजवळ इंदापुरात राहतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एके रात्री एवढाच मजकूर आला : 'आज मीटिंग झाली. टेरेसच्या कामाचे प्रत्येकी १३ हजार ठरले. सर्वांनी लवकर भरावेत.' कोणी ठरवले, किती जण हजर होते, काम कोणाला दिले, याचा पत्ता नाही. त्यांनी विचारले तर उत्तर आले, 'मीटिंगला यायला पाहिजे होते, भाभी.' त्यांचा प्रश्न असा की, आपण हजर नसताना ठरलेली रक्कम आपल्याला बांधील आहे का?

सरळ उत्तर द्यायचे तर, सभा नियमाप्रमाणे झाली असेल तर ती बांधील आहे. म्हणूनच त्या सभेत काय झाले हे कागदावर आणि वेळेवर कळणे हा त्यांचा हक्क आहे. या महिन्यात त्या कागदाबद्दल बोलू. त्याला कोणी प्रोसिडिंग म्हणते, कोणी मिनिट्स, कायद्याच्या मराठीत त्याला इतिवृत्त म्हणतात.

आपल्या भागात हा शब्द नवा नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, यांपैकी कुठल्या तरी कारखान्याचा सभासद बहुतेक घराच्या ओळखीत असतोच. वार्षिक सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक एक काय असतो, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गृहनिर्माण सोसायटीही त्याच सहकार कायद्याखालची, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालची संस्था आहे. फरक एवढाच की कारखान्याचा अहवाल छापून घरी येतो आणि आपल्या वीस-पंचवीस घरांच्या बिल्डिंगचे प्रोसिडिंग बुक सेक्रेटरींच्या कपाटात राहते.

आता हजर नसलेल्यांचे निर्णय दुसरे कसे घेतात ते पाहू. समजा, सोसायटी २४ सदनिकांची आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. सभा १४ सप्टेंबरला असेल तर नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून मध्ये १४ दिवस राहिले पाहिजेत, म्हणून नोटीस ३० ऑगस्टपर्यंत निघायला हवी. सभेला गणपूर्ती म्हणजे कोरम लागतो. आदर्श उपविधींप्रमाणे तो एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. २४ चे दोन तृतीयांश १६ होतात, म्हणून १६ जण हवेत.

सकाळी दहाला ११ जण जमले. अर्धा तास थांबूनही १६ झाले नाहीत, म्हणून सभा तहकूब झाली. पण नोटिशीच्या तळाशी एक ओळ असते, ती आपल्यापैकी फार थोडे जण वाचतात. कोरमअभावी तहकूब झालेली सभा त्याच दिवशी त्याच जागी ठरलेल्या वेळी घेतली जाईल आणि तिला कोरमची अट राहणार नाही, असे तिथे लिहिलेले असते. अकरा वाजता तीच सभा पुन्हा भरली. तोवर आणखी दोघे आले आणि १३ जण झाले. या १३ जणांनी घेतलेला निर्णय चोवीसही घरांचा झाला. यात कोणी लबाडी केलेली नाही, नियमच तसा आहे. नाहीतर कुठल्याच बिल्डिंगची सभा कधी पुरी झाली नसती.

पुढची अडचण अशी की हजर नसलेल्याला दुसऱ्या कोणाला पाठवताही येत नाही. आदर्श उपविधींत सर्वसाधारण सभेला प्रॉक्सी चालत नाही, मुखत्यारपत्र घेऊन आलेला माणूसही चालत नाही. दुबईतल्या मुलाने फ्लॅट घेतला असेल तर अब्बांना 'त्याच्या वतीने' बसून मत देता येत नाही. ज्याचे नाव सोसायटीच्या दफ्तरी सहयोगी किंवा संयुक्त सभासद म्हणून लागलेले आहे, त्याला मात्र मुख्य सभासदाच्या गैरहजेरीत आणि लेखी संमतीने मत देता येते. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल आणि बायकोचे नाव सोसायटीच्या कागदावर लावून घेतलेले नसेल, तर ते आधी लावून घ्यावे. करोनाच्या काळात शासनाने व्हिडिओवरून सभा घ्यायला परवानगी दिली होती, तेव्हा परदेशातल्या लोकांनाही बसता आले. एरवी दूर राहणाऱ्यासाठी सभेची खिडकी एकच, ती म्हणजे इतिवृत्त.

ते कधी मिळते? उपविधींतला क्रम असा आहे. सभेनंतर तीन महिन्यांच्या आत कमिटीने आपल्या बैठकीत इतिवृत्ताचा मसुदा तयार करायचा आणि त्या बैठकीपासून १५ दिवसांत तो सर्व सभासदांना द्यायचा. मिळाल्यापासून १५ दिवसांत सभासदांनी आपले म्हणणे सेक्रेटरींना कळवायचे. त्यानंतर कमिटीने पुढच्या बैठकीत ते विचारात घेऊन अंतिम इतिवृत्त करायचे आणि बुकात नोंदवायचे. आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत एकदा पाहावी, कारण बांधील तीच असते. पण बहुतेक ठिकाणी मजकूर हाच असतो.

यात गंमत बघा. १४ सप्टेंबरच्या सभेचा मसुदा कमिटीने १४ डिसेंबरपर्यंत केला तरी तो नियमात बसतो. तो सभासदांना डिसेंबरच्या शेवटी मिळेल आणि हरकतीची मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत जाईल. दरम्यान पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबरात टेरेसचे काम सुरू होईल आणि नोव्हेंबरात पैसे वसूलही होतील. म्हणजे कायद्याने दिलेली मुदत पाळूनही, ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याला का गेले हे दोन महिन्यांनी कळेल. त्यातच, सर्वसाधारण सभेने एकदा केलेला ठराव रद्द करण्याचा ठराव सहा महिने आणता येत नाही, असेही उपविधी सांगतात. म्हणून मसुदा सभेनंतर चार-पाच दिवसांतच ग्रुपवर यावा, असे आमचे मत आहे. तीन महिने ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत थांबायचे कारण नाही.

आता त्या मसुद्यात काय असावे, हे आपल्या टेरेसच्या ठरावावरच पाहू. सेक्रेटरी अनेकदा एवढेच लिहितात : 'टेरेसच्या कामाबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.' हे वाचून इंदापूरच्या भगिनीला काहीच कळणार नाही. त्या जागी असे लिहिता येईल :

'विषय क्र. ६ : टेरेस वॉटरप्रूफिंग. तीन कोटेशन वाचून दाखवली : ३,६०,००० रु., ३,१२,००० रु. आणि २,८८,००० रु. सर्वांत कमी कोटेशनमध्ये लेखी हमी नाही. मधल्या कोटेशनमध्ये पाच वर्षांची लेखी हमी आहे, म्हणून ते स्वीकारावे असे ठरले. खर्च २४ सदनिकांत समान, प्रत्येकी १३,००० रु. पहिला हप्ता ७,००० रु. ३१ ऑक्टोबरपर्यंत, दुसरा ६,००० रु. ३० नोव्हेंबरपर्यंत. तळमजल्यावरील एका सभासदाने टेरेसचा खर्च वरच्या मजल्याने करावा असे मत मांडले. एका सभासदाने खर्च क्षेत्रफळानुसार वाटावा असे सुचवले. ठरावाच्या बाजूने ९, विरोधात ३, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर. सूचक : सदनिका क्र. ..., अनुमोदक : सदनिका क्र. ...'

सात-आठ ओळींचेच काम आहे, पण आता दूर बसलेल्या माणसाला हिशोब तपासता येतो. ३,१२,००० ला २४ ने भागले की १३,००० येतात. मते ९, ३ आणि १ मिळून १३ होतात आणि हजेरीही १३ च आहे. हा ताळा जुळला नाही तर कुठेतरी गफलत आहे. हजेरीपटावर १३ सह्या आणि ठरावाला १७ मते, असे कागद असतात.

विरोधातली मते लिहिण्याबद्दल सेक्रेटरी मंडळी नाखूश असतात. 'उगाच भांडण कशाला वाढवायचे, सर्वानुमते लिहून टाका' असे म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. तळमजल्याच्या चाचांचे म्हणणे कागदावर आले, तर त्याचे उत्तरही कागदावर येते. उपविधींप्रमाणे टेरेसची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातली आहे, एकट्या वरच्या मजल्याची नाही. हे उत्तर सभेत दिले गेले असेल तर तेही एका वाक्यात लिहावे. म्हणजे गैरहजर असलेला दुसरा तळमजलेवाला तोच प्रश्न ग्रुपवर रात्री अकराला विचारणार नाही.

क्षेत्रफळाचा मुद्दाही साधा नाही. लाइट, वॉचमन असा सेवाखर्च सर्व सदनिकांना सारखा असतो. दुरुस्ती निधी मात्र प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ टक्के, असा धरलेला आहे. म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. वन बीएचके आणि थ्री बीएचके एकाच इमारतीत असतील, तर १३,००० समान का, हा प्रश्न विचारणारा माणूस कटकट्या ठरत नाही. सभेने कोणता आधार धरला आणि का, ही ओळ म्हणून महत्त्वाची आहे. पैशाच्या ठरावात आकड्याइतकाच त्या आकड्याचा आधार लिहावा.

काही शब्दांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे काम करायचे ठरले, पण कोणाला आणि कितीत हे अजून ठरलेले नाही. अशा ठरावावर वसुली सुरू झाली तर विचारले पाहिजे. 'कमिटीला अधिकार देण्यात आले' याच्यापुढे किती रकमेपर्यंत, हे नसेल तर तो कोरा चेक झाला. आणि नोटिशीत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असते, त्याखाली मोठ्या खर्चाचा ठराव आला असेल तर तो इतिवृत्तात वेगळा उठून दिसला पाहिजे. त्या दिवशी न आलेल्या माणसाने नोटीस वाचूनच न येण्याचे ठरवलेले असते. नोटिशीत टेरेस असते तर तो कदाचित इंदापूरहून पहिल्या एसटीने आला असता. पार्किंगचे पट्टे मारायचे किंवा बाग साफ करायची, असले विषय ऐनवेळी चालतील. घरटी १३ हजारांचा विषय नोटिशीतच हवा.

ग्रुपवर टाकायची रीतही सांगतो. ठराव मेसेजमध्ये टाइप करून टाकू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि कोणी त्यातला अर्धाच भाग कापून पुढे पाठवतो. पूर्ण मसुद्याची पीडीएफ करावी. हस्तलिखित असेल तर पानांचे स्वच्छ फोटो एकाच फाइलमध्ये घ्यावेत. प्रत्येक पानावर 'मसुदा', तारीख आणि 'पान ३ पैकी १' असे असावे. फाइलच्या नावात सभेची तारीख टाकावी, म्हणजे पुढच्या वर्षी शोधता येते. सोबत एक छोटा मेसेज पुरे :

'१४ सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा जोडला आहे. नोंदीत काही चूक वाटल्यास ५ ऑक्टोबरपर्यंत सेक्रेटरींना लेखी कळवावे. छापील प्रत नोटीस बोर्डावर लावली आहे. ज्यांना कागदावर हवी त्यांनी सांगावे.'

या मेसेजमध्ये 'लेखी कळवावे' हे शब्द मुद्दाम आहेत. ग्रुपवर पन्नास मेसेजांचा वाद झाला आणि त्यातच एका खालाचे खरे म्हणणे वाहून गेले, तर कमिटीच्या पुढच्या बैठकीत ते कोणाला आठवणार? हरकत साध्या कागदावर किंवा ईमेलवर द्यावी आणि पोच घ्यावी. अंगठ्याची खूण म्हणजे मत नव्हे आणि मंजुरीही नव्हे. ग्रुपवर २० अंगठे आले म्हणून ठराव २० मतांनी झाला असे कोणी लिहिले, तर ते चूक आहे. मत फक्त सभेत असते.

आणि हरकतीची हद्दही ओळखावी. मसुद्यावरची हरकत म्हणजे 'सभेत जे झाले ते इथे नीट लिहिलेले नाही' एवढेच. 'मला हा निर्णय पसंत नाही' हे वेगळे. गैरहजर माणूस सभेत काय झाले याची साक्ष देऊ शकत नाही, हे खरे आहे. पण तो आकड्यांचा ताळा विचारू शकतो, कोटेशनची प्रत मागू शकतो, विषय नोटिशीत होता का ते विचारू शकतो. हजर असलेल्या शेजाऱ्याने मग 'हो, असेच झाले होते' किंवा 'हप्ते तीन ठरले होते' असे सांगावे. मसुदा चार दिवसांत आला तर ही आठवण ताजी असते. तीन महिन्यांनी आला तर जो जोरात बोलतो त्याचीच आठवण खरी ठरते.

लवकर टाकलेल्या मसुद्याचा दुसराही उपयोग आहे. १८ सप्टेंबरला चोवीस फोनमध्ये गेलेली फाइल पुढे बुकातल्या नोंदीशी ताडून पाहता येते. मसुद्यात दोन हप्ते आणि बुकात 'एकरकमी', असे झाले तर फरक लगेच दिसतो. फरक असूही शकतो, कारण हरकती विचारात घेऊन दुरुस्ती करणे हेच तर मसुद्याचे कारण. पण मग काय बदलले आणि कोणाच्या म्हणण्यावरून, हे कमिटीच्या बैठकीत लिहिलेले असले पाहिजे. अंतिम इतिवृत्तही त्याच ग्रुपवर टाकावे. मसुदा टाकून अंतिम प्रत टाकायची राहून जाते, हा नेहमीचा अनुभव. आणि फाइल आली की लगेच फोनमध्ये उतरवून ठेवावी. पुढे उघडू म्हणून ठेवली तर काही दिवसांनी ती उतरत नाही.

ग्रुपमध्ये कोण आहे, हेही बघितले पाहिजे. बारामतीत एमआयडीसीतले नोकरदार आणि शिकायला आलेली मुले भाड्याने राहतात. पाण्याचा टँकर कधी येणार हे त्यांनाही कळावे म्हणून त्यांना ग्रुपमध्ये घेतलेले असते, आणि ते बरोबरच आहे. पण इतिवृत्तात कोणाची किती थकबाकी, कोणाच्या इंतकालानंतर फ्लॅट कोणाच्या नावावर करायचा, कोणत्या दोन घरांत भांडण, हे सगळे येते. ते भाडेकरूंसमोर टाकायचे कारण नाही. सभासदांचा वेगळा ग्रुप करावा आणि इतिवृत्त तिथेच टाकावे. मालक परगावी आणि ग्रुपमध्ये फक्त त्याचा भाडेकरू, अशीही घरे असतात. त्या मालकाला भाडेकरूकडून निरोप पोचला असे धरू नये, त्याचा स्वतःचा नंबर घ्यावा.

उलट बाजूला, काही घरांत ग्रुप बघणारा फोनच नसतो. एकट्या राहणाऱ्या दादीमांकडे बटणांचा मोबाइल असतो. काहींना मराठी ऐकायला समजते, पण अक्षर उर्दूच वाचता येते. ग्रुपवर टाकले म्हणजे सर्वांना दिले, असे सेक्रेटरींनी समजू नये. अशा घरी छापील प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. शेजारच्या मुलीने दोन मिनिटांत वाचून दाखवले तर आणखी चांगले. मात्र वाचताना पैशाचा आकडा आणि तारीख हे दोन शब्द जसेच्या तसे सांगावेत, 'काहीतरी तेरा हजार भरायचेत' असे नको.

एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. आपल्याकडच्या सगळ्याच बिल्डिंगी सहकारी सोसायट्या नसतात. काही १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र केलेल्या असतात, तर काही अजून बिल्डरच्याच ताब्यात असतात आणि 'सोसायटी' हे फक्त गेटवरचे नाव असते. वर सांगितलेला कोरम, मुदती आणि हरकतीचा क्रम नोंदणी झालेल्या सहकारी सोसायटीचा आहे. अपार्टमेंटला आपल्या घोषणापत्रातले नियम लागू होतात. गेटवरची पाटी न बघता नोंदणी प्रमाणपत्र बघावे.

आणि ग्रुपवर मागूनही इतिवृत्त मिळाले नाही तर? सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क सभासदाला आहे आणि ठरलेली फी भरून प्रतही मागता येते. सेक्रेटरींच्या नावाने अर्ज करावा, त्यात सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. तरीही काही झाले नाही तर तो अर्ज आणि पोच जोडून तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार देता येते. सोसायटी बारामतीत नोंदलेली असेल तर आपण इंदापुरात राहत असलो तरी कार्यालय बारामतीचेच लागते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने अर्जावर सभासदाची म्हणजे नवऱ्याची सही घ्यावी, किंवा तिचे स्वतःचे नाव सोसायटीत लागलेले असेल तर स्वतः करावी. पहिल्या हप्त्याची तारीख जवळ असेल तर ती चुकवू नये. पैसे भरावेत, पावतीवर 'टेरेस वॉटरप्रूफिंग, पहिला हप्ता' असे लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी इतिवृत्ताचा अर्ज द्यावा.